पीक दिसतोय ४४ वर, पण आहे ६० चा: एमसीएचं एनर्जी कॅलिब्रेशन आणि रेघ सरळ आहे का ते बघणं

अधूनमधून बातमी येते की भंगारात किरणोत्सारी सिझियम सापडलं, किंवा एखाद्या जुन्या उपकरणात अमेरिशियम निघालं, आणि बातमीत फोटो असतो तो हातात धरलेल्या एका मशीनचा. मशीन जवळ नेलं, मशीनने नाव सांगितलं, विषय संपला असं वाटतं. पण मशीनला सिझियम काय आणि अमेरिशियम काय, काहीच माहीत नसतं हो. त्याच्याकडे असतात फक्त नंबर असलेले खाने आणि प्रत्येक खान्यात किती मोजणी झाली तो आकडा. खाना नंबर २२० म्हणजे किती एनर्जी हे आपणच त्याला शिकवायचं असतं, आणि ते नीट शिकवलं नाही तर मशीन अगदी आत्मविश्वासाने चुकीचं नाव सांगतं. हे शिकवणं म्हणजे कॅलिब्रेशन. ते वरवर इतकं सोपं आहे की लोक पाच मिनिटांत उरकतात आणि घोटाळा तिथेच होतो.

## आधी मशीन करतं काय ते

इथे उदाहरण घेतो सोडियम आयोडाइडच्या डिटेक्टरचं, कारण कॉलेजच्या लॅबमध्ये, हौशी लोकांकडे आणि हातातल्या मशीनमध्ये बऱ्याचदा तोच असतो. थोडं थॅलियम मिसळलेला हा क्रिस्टल गॅमा किरण पकडतो आणि क्षणभर चमकतो (रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी १९४८ मध्ये हा क्रिस्टल पुढे आणला, म्हणजे तंत्र जुनंच आहे). ती चमक फोटोमल्टिप्लायर नावाची नळी विजेच्या पल्समध्ये बदलते, अॅम्प्लिफायर पल्स मोठी करतो, किती पट मोठी करतो त्याला म्हणायचं गेन, आणि मग येतो आपला मल्टिचॅनेल अॅनालायझर, थोडक्यात एमसीए. तो पल्सची उंची मोजतो, उंचीनुसार तिला ० ते १०२३ मधला एक नंबर देतो आणि त्या नंबरच्या खान्यात एकाची भर घालतो. या खान्याला म्हणायचं चॅनेल. असं हजारो पल्सचं झालं की स्क्रीनवर डोंगररांगेसारखी आकृती उभी राहते, तो स्पेक्ट्रम, आणि त्यातलं प्रत्येक नीट टोक म्हणजे पीक.

गॅमाची एनर्जी मोजतात किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये, पुढे नुसतं केईव्ही म्हणतो. आता निसर्गाची एक कृपा अशी की प्रत्येक किरणोत्सारी अणूच्या गॅमांची एनर्जी ठरलेली असते आणि ती अतिशय अचूक मोजून ठेवलेली आहे. अमेरिशियम-२४१ चा ठळक गॅमा ५९.५ केईव्हीचा, सिझियम-१३७ चा ६६१.७ चा, कोबाल्ट-६० चे दोन, ११७३.२ आणि १३३२.५. म्हणजे आपल्याला हव्या तिथे खुणा तयारच आहेत. सोर्स समोर ठेवायचा, पीक कुठल्या चॅनेलला आला ते बघायचं, आणि त्या चॅनेलला ती एनर्जी जोडायची.

जोडायचं समीकरण शाळेतलंच, सरळ रेघेचं:

```
E = a + b × C
```

C म्हणजे चॅनेल, b म्हणजे एका चॅनेलमागे किती केईव्ही, आणि a म्हणजे चॅनेल शून्यला किती एनर्जी दाखवली जाते तो आकडा. दोन अज्ञात आहेत म्हणून दोन खुणा पुरतात. गणित बरोबर आहे. पण गणित बरोबर असणं आणि डिटेक्टरने गणिताचं ऐकणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

## दोन खुणा जुळल्या की झालं ना?

बघूया. समजा एमसीए १०२४ चॅनेलचा आहे आणि गेन असा लावलाय की सगळा पट्टा साधारण ३००० केईव्हीपर्यंत जातो. सिझियमचा पीक आला चॅनेल २२०.६ ला आणि कोबाल्टचा वरचा पीक ४३५.७ ला. (दशांशात चॅनेल कसा, ते पुढे येईलच.) एनर्जीतला फरक ६७०.८ केईव्ही, चॅनेलमधला फरक २१५.१, भागाकार केला की b आला ३.११८५, आणि तो परत घालून a आला उणे २६.२५. बहुतेक लोक इथे सेव्ह दाबतात.

आपण दाबायचं नाही. आता जे सोर्स कॅलिब्रेशनला वापरले नाहीत ते ठेवून बघायचं की रेघ त्यांना काय म्हणते. सोडियम-२२ ठेवला की ५११ चा पीक मिळतो. पोटॅशियम-४० चा १४६०.८ वाला काही ठेवलं नाही तरी बॅकग्राउंडमध्ये मिळतो, कारण तो भिंतीत, मातीत सगळीकडे असतो. थोरियमच्या साखळीतल्या थॅलियम-२०८ चा २६१४.५ वालाही बराच वेळ मोजलं की वर एकटा उभा दिसतो. या उदाहरणातले आकडे मी हिशोब समजावा म्हणून मांडलेत, पण सोडियम आयोडाइड साधारण असंच वागतो:

| कोणाचा गॅमा | खरी एनर्जी | चॅनेल | रेघ काय सांगते | चूक |
|---|---|---|---|---|
| अमेरिशियम-२४१ | ५९.५ | २२.४ | ४३.६ | −१५.९ |
| सोडियम-२२ | ५११.० | १७२.४ | ५११.४ | +०.४ |
| सिझियम-१३७ | ६६१.७ | २२०.६ | ६६१.७ | ० |
| कोबाल्ट-६० | ११७३.२ | ३८५.२ | ११७५.० | +१.८ |
| कोबाल्ट-६० | १३३२.५ | ४३५.७ | १३३२.५ | ० |
| पोटॅशियम-४० | १४६०.८ | ४७६.७ | १४६०.४ | −०.४ |
| थॅलियम-२०८ | २६१४.५ | ८४३.६ | २६०४.६ | −९.९ |

शेवटचा रकाना नीट बघा. ज्या दोन पीकवरून रेघ काढली तिथे चूक शून्य आहे, आणि ती शून्यच येणार, त्यात मशीनचं काही कौतुक नाही. त्यांच्या मधल्या आणि आजूबाजूच्या भागातही सगळं छान आहे. पण खाली ५९.५ चा पीक ४३.६ वर दाखवला जातोय आणि वर २६१४ वाला दहा केईव्हीने कमी.

शिवणकामाचा टेप रबराचा असावा आणि त्याची सुरुवात जरा ताणली गेलेली असावी, तसं हे आहे: मधल्या दोन खुणा तुम्ही पट्टीशी जुळवून घेतल्या म्हणून टोकाकडच्या खुणा जुळतातच असं नाही, आणि टेपकडे नुसतं बघून ताण कुठे आहे ते कळतही नाही.

खालच्या टोकाची चूक निव्वळ आकड्यांची नाही, तिने अर्थ बदलतो. शिसे-२१० चा गॅमा ४६.५ केईव्हीचा असतो. सॉफ्टवेअरला ४३.६ वर पीक दिसला आणि त्याच्या यादीत जवळ काय आहे तर ४६.५, मग ते शिसे-२१० सुचवणार, आणि समोर ठेवलेलं असतं अमेरिशियम. नाव चुकलं की पुढचं सगळंच चुकलं.

## पण पीक एवढा रुंद असतो, १६ केईव्ही इकडेतिकडे चालतील की

ही शंका रास्त आहे. सोडियम आयोडाइडचा सिझियमचा पीक बारीक रेघ नसतोच, चांगला फुगलेला असतो. निम्म्या उंचीला त्याची रुंदी ६६२ च्या साधारण सात टक्के, म्हणजे ४६ केईव्ही, आपल्या उदाहरणात जवळपास १५ चॅनेल. मग ०.६ चॅनेलपर्यंतची भाषा करणं हास्यास्पद नाही का?

नाही, कारण पीकची रुंदी वेगळी आणि पीकचा मध्य किती नक्की माहीत आहे ते वेगळं. ४६ ला २.३५५ ने भागलं की १९.५ केईव्हीचा प्रमाणित विस्तार मिळतो, आणि मध्यातली अनिश्चितता त्याला मोजणीच्या वर्गमुळाने भागून येते. पीकमध्ये १०,००० मोजण्या असतील तर १९.५ भागिले १००, म्हणजे ०.२ केईव्ही. ४६ रुंदीच्या ढिगाचा मध्य ०.२ पर्यंत सांगता येतो. म्हणून चॅनेल दशांशात लिहिला.

फक्त हा मध्य काढायची पद्धत नीट हवी. सगळ्यात उंच चॅनेल बघून तोच मध्य म्हणायचा हे सगळ्यात वाईट, कारण टोकाजवळ सगळे चॅनेल जवळपास सारखेच भरलेले असतात आणि कोण पुढे जाईल ते नशिबावर असतं. पीकच्या दोन्ही बाजूंच्या सपाट भागांवरून खालची उतरती जमीन अंदाजायची, ती वजा करायची आणि उरलेल्यावर घंटेसारखा गॉसियन वक्र बसवायचा, बहुतेक सॉफ्टवेअर हे करतं. जमीन वजा केली नाही तर उताराची बाजू मध्याला आपल्याकडे ओढते.

आणि ५९.५ च्या पीकची रुंदी केईव्हीमध्ये बरीच कमी असते, आठेक केईव्हीच्या आसपास. म्हणजे १६ ची चूक ही पीकच्या स्वतःच्या रुंदीच्या दुप्पट झाली, पीक अख्खाच्या अख्खा दुसरीकडे गेला. तिथे अजून एक अडचण आहे ती लपवत नाही, ती अशी की एका चॅनेलमागे तीन केईव्ही असताना हा पीक दोन-तीन चॅनेलमध्येच मावतो आणि वक्र बसवायला पुरेसे बिंदूच मिळत नाहीत. खालच्या एनर्जीत खरंच रस असेल तर २०४८ किंवा ४०९६ चॅनेल घ्यावेत, किंवा गेन वाढवून वेगळं कॅलिब्रेशन करावं. गेन बदलला की जुनं कॅलिब्रेशन रद्द, हे सांगायला नकोच.

## मग दोष एमसीएचा का?

इथे लोक थेट एमसीएवर घसरतात. खरंच त्याचाही दोष असू शकतो. पल्सची उंची आणि चॅनेल यांचं नातं सरळ रेघेपासून जास्तीत जास्त किती ढळतं, ते पूर्ण पट्ट्याच्या टक्क्यात सांगतात, त्याला इंटिग्रल नॉनलिनिअरिटी म्हणतात. चांगल्या एमसीएच्या माहितीपत्रकात ०.०२५ टक्क्यासारखा आकडा असतो. १०२४ चॅनेलवर तो झाला पाव चॅनेल, आपल्याकडे ०.८ केईव्ही. सोळा कुठे आणि ०.८ कुठे.

या टक्क्यांची गंमत मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपली सोळाची चूक पूर्ण पट्ट्याच्या, म्हणजे साधारण ३१६० केईव्हीच्या हिशोबात फक्त अर्धा टक्का भरते. "अर्धा टक्का नॉनलिनिअरिटी" ऐकायला किती निरुपद्रवी वाटतं! पण ५९.५ च्या मानाने ती २७ टक्के आहे. पूर्ण पट्ट्याची टक्केवारी खालच्या टोकाला नेहमीच असं गोंडस रूप देते, म्हणून चूक कायम केईव्हीमध्ये लिहावी असं माझं मत आहे.

दोष कोणाचा ते अंदाजाने ठरवायची गरज नाही, तपासता येतं. पल्सर नावाचं उपकरण ठरलेल्या उंचीच्या पल्स देतं. डिटेक्टरऐवजी ते प्रीअॅम्प्लिफायरला, म्हणजे अॅम्प्लिफायरच्या आधीच्या टप्प्याला जोडायचं, उंची समान पायऱ्यांनी वाढवत न्यायची, प्रत्येक पायरीला पीक कुठल्या चॅनेलला येतो ते लिहायचं. या पल्समध्ये क्रिस्टलही नाही आणि फोटोमल्टिप्लायरही नाही, आहे ते फक्त इलेक्ट्रॉनिक्स. उंची आणि चॅनेलचा आलेख सरळ आला तर एमसीए आणि अॅम्प्लिफायर निर्दोष. आणि तो आलेख शून्य उंचीला कुठल्या चॅनेलला भेटतो त्यावरून खरा शून्य कुठे आहे तेही कळतं.

आता तो उणे २६.२५ आठवा. रेघ म्हणते की शून्य एनर्जी चॅनेल ८.४ ला आहे. पल्सर मात्र म्हणतो शून्य चॅनेल शून्यलाच आहे (आपल्या उदाहरणात तसं धरूया). दोघं बरोबर असू शकत नाहीत, आणि पल्सर खोटं बोलत नाहीये. म्हणजे उणे २६ हा इलेक्ट्रॉनिक्सचा ऑफसेट नाहीच, वाकड्या नात्याला मधल्या भागात सरळ रेघ चिकटवल्यामुळे उरलेली ती खूण आहे. हे ओळखता आलं नाही तर माणूस एमसीएचा झिरो अॅडजस्टचा स्क्रू फिरवत बसतो, झिरो खरंच बिघडवतो, आणि सगळे पीक काही चॅनेल सरकतात, वाकडेपणा आहे तिथेच राहतो.

## मग वाकडं कोण आहे? क्रिस्टल

टेबलमधले चॅनेल त्यांच्या खऱ्या एनर्जीने भागून बघा, शून्य जागेवर असेल तर हा भागाकार म्हणजे एका केईव्हीमागे किती प्रकाश मिळाला त्याचं माप. ६६१.७ ला येतं ०.३३३. ५९.५ ला ०.३७६, म्हणजे तेरा टक्के जास्त. २६१४.५ ला ०.३२३, म्हणजे तीन टक्के कमी. सोडियम आयोडाइड कमी एनर्जीच्या गॅमाला केईव्हीमागे जास्त प्रकाश देतो आणि जास्त एनर्जीच्या गॅमाला कमी, हा त्याचा अंगभूत स्वभाव आहे.

कारण थोडक्यात असं. गॅमा स्वतः चमक पाडत नाही, तो क्रिस्टलमधल्या इलेक्ट्रॉनला ढकलतो आणि तो इलेक्ट्रॉन धावताना वाटेत भार सुटे करत जातो, ऋण इलेक्ट्रॉन आणि त्यांच्या रिकाम्या जागा. या दोघांची प्रकाश देणाऱ्या जागी गाठ पडली तर चमक. वेगवान इलेक्ट्रॉनची वाट विरळ असते, सुटे भार एकमेकांपासून लांब पडतात, बरेचसे भेटण्याआधीच कुठेतरी अडकून वाया जातात. हळू इलेक्ट्रॉनची वाट दाट असते, त्यामुळे भेटी जास्त. (अगदीच दाट झाली तर मात्र गर्दीनेच प्रकाश पुन्हा घटतो.) मोठ्या एनर्जीच्या गॅमात वाटेचा मोठा भाग वेगवान इलेक्ट्रॉनचा असतो म्हणून केईव्हीमागे प्रकाश कमी. हा दोष दुरुस्त होत नाही, नवीन क्रिस्टल आणला तरी तोही असाच वागेल.

वरच्या टोकाला मात्र दुसरा संशयितही आहे, फोटोमल्टिप्लायर. मोठ्या पल्सला त्याच्या शेवटच्या टप्प्यांत इतके इलेक्ट्रॉन जमतात की तो दाबला जातो आणि पल्स हवी तेवढी उंच होत नाही, आणि पल्सरची परीक्षा त्याच्यापर्यंत पोचतच नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे: नळीचा हाय व्होल्टेज थोडा कमी करायचा, अॅम्प्लिफायरचा गेन तेवढा वाढवून सिझियमचा पीक पुन्हा २२०.६ ला आणायचा, आणि २६१४ वाला कुठे येतो ते बघायचं. तो ८४३.६ लाच राहिला तर नळी निर्दोष, आणि वर सरकला तर नळी दाबली जात होती, तेव्हा कमी व्होल्टेजवरच काम करावं.

## सरळ नाही ना, मग वक्र बसवा की

सॉफ्टवेअरमध्ये क्वाड्रॅटिकचा पर्याय असतो, म्हणजे समीकरणात C च्या वर्गाचं पद वाढतं आणि रेघेला एक बाक मिळतो. हा पर्याय दिसला की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. आपल्याच आकड्यांवर करून बघूया. खालचा ५९.५, मधला ६६१.७ आणि वरचा २६१४.५ यांतून असा वक्र काढला तर ते तिघं अर्थातच अचूक बसतात. पण मग पोटॅशियमचा १४६०.८ वाला १४५३ वर येतो, साडेसात केईव्ही कमी, जो आधीच्या साध्या रेघेत जवळपास अचूक होता! आणि ५११ वाला ५१४ वर जातो.

असं का, तर क्रिस्टलचा बाक सगळीकडे सारखा नाही. खाली दोनशे-तीनशे केईव्हीच्या आत तो झपाट्याने वळतो आणि वर जवळजवळ सरळ चालतो. क्वाड्रॅटिकमध्ये एकच बाक असतो आणि तो त्याला पूर्ण पट्ट्यावर सारखा वाटावा लागतो, मग खालचं भागवायला तो वरचं बिघडवतो. पाचवा-सहावा घात लावला तर बिंदूंवर बसेल पण बिंदूंच्या मध्ये आणि विशेषतः बाहेर भलतीकडे हेलकावे खाईल, ते तर आणखी वाईट.

मला जे पटतं ते तुकड्यांचं कॅलिब्रेशन: लगतच्या दोन माहीत पीकमध्ये सरळ रेघ, पुढच्या जोडीत दुसरी. १३३२.५ आणि २६१४.५ च्या मधल्या तुकड्यात पोटॅशियम १४६१.४ वर येतो, चूक जेमतेम ०.६. ५९.५ ते ६६१.७ हा एवढा लांब तुकडा मात्र चालत नाही, त्यात ५११ वाला ५१५ वर जातो, म्हणून खालच्या भागात खुणा जास्त लागतात. त्या निवडताना जरा डोळे उघडे ठेवायचे. बेरियम-१३३ चा ३५६ छान वाटतो पण त्याचे ३०३ आणि ३८४ वाले शेजारी या डिटेक्टरमध्ये त्यालाच चिकटतात आणि मध्य खोटा येतो, ८१ वाला त्या मानाने बरा. सिझियमचाच खालचा ३२ केईव्हीचा एक्स-रे चालतो, पण तोही जवळजवळच्या दोन एक्स-रेंचा मिळून झालेला असतो. आणि सिझियमच्या स्पेक्ट्रममध्ये १८४ च्या आसपास जो टेकाड दिसतो आणि ४७७ जवळ जो कडा उतरतो त्यांना चुकूनही खूण म्हणून घेऊ नका. पहिला मागे आपटून परत आलेल्या गॅमांचा आहे आणि दुसरा एका धडकेत इलेक्ट्रॉनला जास्तीत जास्त मिळू शकणाऱ्या एनर्जीचा, दोन्हीत पीकसारखा ठाम मध्यच नसतो.

तुकडे करायचे नसतील, सॉफ्टवेअर देत नसेल, तर निदान रेघ कुठून कुठपर्यंत तपासली आहे ते तिच्यासोबत लिहून ठेवावं. आपली पहिली रेघ ५०० ते १५०० मध्ये उत्तम आहे, दोन केईव्हीच्या आत. सिझियम, कोबाल्ट, पोटॅशियम ओळखायचे असतील तर तिला नावं ठेवायचं काहीच कारण नाही. १०० च्या खाली ती वापरायची नाही, एवढंच.

## आज नीट केलं, उद्या तसंच राहील का?

राहत नाही. क्रिस्टलचा प्रकाश आणि नळीचा गेन दोन्ही तापमानाबरोबर हलतात, आणि हाय व्होल्टेज जरा ढळला तरी गेन त्याच्या कितीतरी पट बदलतो. म्हणून सुरू करून लगेच कॅलिब्रेशन करू नये, पीक एका जागी स्थिरावेपर्यंत थांबावं. सोर्स फार जवळ ठेवून मोजणीचा वेगही वाढवू नये, नाहीतर पल्स एकमेकींच्या शेपटीवर बसतात आणि पीक सरकतात किंवा एका बाजूला फुगतात. कॅलिब्रेशन ज्या वेगाला केलं साधारण त्याच वेगाला वापरलेलं बरं.

पीक हलला की तो कसा हलला यावरून कारण कळतं, आणि त्यासाठी निदान दोन लांबलांबचे पीक बघावे लागतात. गेन एक टक्का घटला तर सगळे पीक एकाच प्रमाणात खाली येतात: सिझियम २२०.६ वरून २१८.४ ला, पोटॅशियम ४७६.७ वरून ४७१.९ ला, २६१४ वाला ८४३.६ वरून ८३५.२ ला. म्हणजे सव्वादोन, पावणेपाच, साडेआठ चॅनेल, पण प्रमाण तेच. हे झालं असेल तर पूर्ण कॅलिब्रेशन पुन्हा करायची गरज नाही, गेन किंचित वाढवून एक पीक जागेवर आणला की बाकीचे आपोआप येतात, आणि वाकडेपणाचा जो नकाशा आपण कष्टाने काढला तोही तसाच लागू राहतो कारण क्रिस्टल बदललेला नाही. हातातल्या मशीन स्वतःहून जे ऑटो कॅलिब्रेशन करतात ते बऱ्याचदा हेच असतं, एका माहीत पीकवर गेन जुळवून घेणं. वाकडेपणाची तपासणी त्यात होत नाही.

सगळे पीक सारख्याच चॅनेलने सरकले असतील, समजा तिन्ही तीन-तीन चॅनेल, तर शून्य हललाय, इलेक्ट्रॉनिक्सकडे बघा. आणि खालचे पीक जागेवरच आहेत पण फक्त वरचा २६१४ वाला खाली आलाय असं दिसलं तर ना गेन ना शून्य, पुन्हा नळीच्या दाबल्या जाण्याची ती व्होल्टेजची परीक्षा घ्या. यासाठी रोज सोर्स काढायची गरज नाही, बॅकग्राउंड लांब वेळ मोजलं की पोटॅशियमचा आणि २६१४ चा पीक तिथे फुकट मिळतात. खालच्या टोकाला मात्र बॅकग्राउंडमध्ये असा एकटा, स्वच्छ पीक मिळत नाही. १०० च्या खालचं काही ठामपणे म्हणायचं असेल तर त्या दिवशी अमेरिशियम समोर ठेवून चॅनेल बघूनच म्हणावं.